उघडलं आणि उडालं

इन्स्टाग्रामवर नवं अकाउंट काढलं, ओटीपी टाकला, फोटो लावला, आणि चहा गाळून होईस्तोवर स्क्रीनवर पाटी झळकली: `We suspended your account`. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, की अपील करायला 180 दिवस आहेत. ज्याच्या वाट्याला हे येतं त्याची पहिली शंका ठरलेली असते, की कुणीतरी खोडसाळपणे तक्रार केली. पण तक्रार करणार कोण? त्या अकाउंटचं नावही अजून घराबाहेर कुणाला कळलेलं नसतं. अकाउंट उडवलं ते यंत्राने, आणि तुम्ही लिहिलेलं काही वाचून नव्हे. वाचण्याजोगं तिथे अजून काही नव्हतंच.

हे का होतं ते समजायला एक जुना आकडा पुरेसा आहे. 2018च्या पहिल्या तीन महिन्यांत फेसबुकने 58 कोटी 30 लाख बनावट अकाउंट बंद केली. म्हणजे दिवसाला साधारण 65 लाख. त्यातली बहुतेक नोंदणीनंतर काही मिनिटांतच बंद झाली, असं कंपनीनेच जाहीर केलं होतं. पुढच्या वर्षी, 2019च्या पहिल्या तिमाहीत, हा आकडा 220 कोटींवर गेला. त्या काळात फेसबुक वापरणारी माणसंच जगात जेमतेम तेवढी होती. ही अकाउंट माणसं बसून काढत नाहीत. एक प्रोग्रॅम लिहिला की तो रात्रभर नावं, जन्मतारखा आणि फोटो भरत राहतो. ओटीपीसाठी भाड्याचे नंबर मिळतात, आणि पत्ता लपवायला परदेशातले सर्व्हर.

या लोंढ्यात तुमचं एक खरं अकाउंट येतं. यंत्रापुढे पेच असा, की जुन्या अकाउंटला इतिहास असतो: मित्र, फोटो, पाच वर्षांच्या गप्पा. त्याच्याकडून काही वावगं झालं तर तो इतिहास त्याच्या बाजूने बोलतो. नव्या अकाउंटकडे असं काहीच नसतं. शिवाय जुनं अकाउंट चुकून बंद केलं तर एका माणसाचं बरंच काही जातं आणि तो बोंब मारतो. नवं बंद केलं तर जातं काय? दहा मिनिटांपूर्वीचा एक फोटो. कंपनीच्या हिशेबात चुकीची किंमत इथे जवळजवळ शून्य आहे, म्हणून नव्यांच्या बाबतीत चाळणी मुद्दामच बारीक ठेवलेली असते. तिच्यात काही भली माणसंही अडकणार, हे कंपनीने धरूनच ठेवलेलं आहे. मला यात खटकतं ते इतकंच, की अडकलेल्याला कशामुळे अडकलो ते कधीच सांगितलं जात नाही. त्यांचंही म्हणणं आहे, की कारण सांगितलं तर उद्या भामटे तेवढंच टाळतील. म्हणणं खोटं नाही, पण त्याचा भुर्दंड साध्या माणसाला पडतो.

मग इतिहास नसताना यंत्र पाहतं काय? सोसायटीत नवा भाडेकरू आला की सामान उतरायच्या आधी लोक विचारतात, आधी कुठे राहायचा, आणला कुणी, टेम्पो कुणाचा. यंत्रही तुम्हाला नाही, तुमच्या आजूबाजूला पाहतं. फोन कोणता आणि त्यावर याआधी कोणती अकाउंट उघडली गेली, नंबर आणि ईमेल कोणता, इंटरनेट कुठून येतंय, आणि अकाउंट उघडल्यावर पहिल्या काही मिनिटांत हात किती वेगाने चालतोय. फेसबुकच्या अ‍ॅनॅलिटिक्स विभागाचे प्रमुख अ‍ॅलेक्स शुल्झ यांनी 2019मध्ये याबद्दल सविस्तर लिहिलं होतं. त्यांनी तीन चाळण्या सांगितल्या. पहिली नोंदणीच होऊ देत नाही, आणि रोज असे लाखो प्रयत्न तिथेच अडतात. दुसरी नोंदणी झाल्या झाल्या लागते. संशयास्पद ईमेल आहे का, आधी उडवलेल्या बनावट अकाउंटांशी याचं काही जुळतंय का, हे ती पाहते. तिसरी अकाउंट वापरात आल्यानंतरची. मिनिटांत उडणारी अकाउंट दुसऱ्या चाळणीत अडकतात.

आता एक प्रकरण डोळ्यांसमोर आणू. समजा, कोल्हापूरजवळच्या एका गावातल्या काकू घरी कांदा-लसूण मसाला करतात. 2019 सालच्या गुढीपाडव्याला सुरू केला, आता पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी येतात. दिवाळीच्या सुट्टीत आलेला भाचा म्हणतो, "मावशी, इन्स्टावर टाकूया, दहा मिनिटांचं काम." धंद्याचा नंबर वेगळा हवा म्हणून नवं सिम आणलं. ते घातलं बाजारातून घेतलेल्या जुन्या फोनमध्ये. नवा जीमेल काढला. जन्मतारखेला त्याने मसाल्याचीच जन्मतारीख टाकली, 2019चा पाडवा. ॲपने अडवलं, तर सहज 1990 केलं. युजरनेममध्ये कोल्हापुरी मसाला लिहून पुढे `official` जोडलं आणि शेवटी चार आकडे, कारण साधं नाव शिल्लक नव्हतं. फोटो गूगलवरून घेतला, वर्णनात व्हॉट्सॲपची लिंक दिली. फोनवर व्हीपीएन चालू होतं, क्रिकेट बघायला टाकलेलं आणि नंतर बंद करायचं राहिलेलं. मग त्याने गावातल्या आणि खाद्यपदार्थांच्या साठ-सत्तर अकाउंटना एका दमात फॉलो केलं आणि पंधरा पोस्टींखाली एकच ओळ चिकटवली: घरगुती मसाला मिळेल, मेसेज करा. सोळाव्या वेळी ॲप बाहेर पडलं.

यात भाच्याने एकही गैर गोष्ट केली नाही. पण एकेक गोष्ट यंत्राच्या बाजूने पाहा.

सिमपासून सुरुवात करू. आपल्याकडे बंद झालेला मोबाइल नंबर किमान 90 दिवस बाजूला ठेवला जातो आणि मग दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. म्हणजे दुकानातून आणलेलं सिम कोरं असलं तरी नंबर कोरा असेलच असं नाही. आधीच्या मालकाने त्यावर इन्स्टाग्राम उघडलेलं असू शकतं, ते बंद झालेलं असू शकतं, आणि तो कुणी ठकसेन असेल तर संपलंच. त्या नंबरचा पूर्वजन्म काकूंच्या वाट्याला आला. जुन्या फोनचं तेच. फोन रीसेट केला म्हणून त्याची ओळख पुरती पुसली जाते, या भरवशावर राहू नये.

व्हीपीएनचा मुद्दा जरा उलगडून सांगायला हवा, कारण तो लोकांना उलटा वाटतो. व्हीपीएन म्हणजे सुरक्षा, असं जाहिराती सांगतात. प्रत्यक्षात तुमचं इंटरनेट त्या वेळी कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या पत्त्यावरून येतंय असं दिसतं, आणि अकाउंटचे कारखानेही तसल्याच पत्त्यांवरून चालतात. घरच्या वायफायचा किंवा मोबाइल डेटाचा पत्ता वेगळा कळतो. मोबाइल कंपन्या पत्ते कमी पडतात म्हणून एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात, हे खरं आहे. पण अशा पत्त्यावर गर्दी असणारच, हे या कंपन्यांनाही माहीत असतं. डेटा सेंटरच्या पत्त्यावरून कोल्हापूरच्या काकू बोलतायत, हे मात्र कुणालाही चमत्कारिक वाटेल.

जन्मतारखेची चूक तर इतक्या जणांकडून होते, की इन्स्टाग्रामने नोंदणीच्या पानावरच लिहून ठेवलंय: अकाउंट धंद्याचं असो की पाळीव प्राण्याचं, तारीख स्वतःचीच टाका. तेरा वर्षांखालच्यांना अकाउंट ठेवता येत नाही आणि यंत्र मसाल्याला माणूसच समजतं. 2019च्या मार्चमध्ये ट्विटरवर एक आवई उठली होती, की जन्मसाल 2007 केलं की रंगीबेरंगी स्क्रीन मिळते. ज्यांनी ते केलं त्यांची चालती अकाउंट कुलूपबंद झाली. कंपनीला जाहीरपणे सांगावं लागलं, की हे करू नका. धंदा तेराहून जुना पण अठराच्या आतला असेल तर वेगळीच गंमत होते. अकाउंट किशोरवयीन मुलांच्या प्रकारात जातं, आपोआप खासगी होतं, आणि गिऱ्हाइकाला काही दिसतच नाही. भाच्याने तारीख लगेच बदलली ती अर्थातच त्याची स्वतःचीही नव्हती. एकदा तेराच्या आतली तारीख देऊन मिनिटभरात तीस वर्षांनी मोठा झालेला माणूस यंत्राला आवडत नाही.

आणि शेवटचा वेग. साठ फॉलो, पंधरा वेळा तीच ओळ आणि बाहेर नेणारी लिंक, हे सगळं अकाउंट उघडल्यापासून काही मिनिटांत. पैशांचं आमिष दाखवणारे प्रोग्रॅम अगदी असेच वागतात. यातली एकच गोष्ट झाली असती तर कदाचित काही झालं नसतं, फार तर `Try Again Later` असा अडसर आला असता. यंत्र एका खुणेवर क्वचितच निर्णय घेतं, ते खुणांची बेरीज करतं. इथे बेरीज फारच मोठी झाली.

तासाला किती फॉलो चालतात, असं लोक विचारतात. यूट्यूबवर याचे आकडे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत. कंपनीने असा आकडा जाहीर केलेला नाही, आणि तो प्रत्येक अकाउंटला सारखा असण्याचं कारणही नाही. ते आकडे सोडून द्या.

त्यापेक्षा काकूंचं अकाउंट नीट कसं निघालं असतं ते पाहू. नव्या सिमची गरजच नव्हती. गिऱ्हाइकाला द्यायचा नंबर वर्णनात लिहिता येतो, तो नोंदणीचा नंबर असावा लागत नाही. नोंदणीला काकूंचा रोजचा फोन घ्यायचा, ज्यावर त्यांचं व्हॉट्सॲप वर्षानुवर्षं चालतंय. नंबरही त्यांचा जुनाच, आणि ईमेल तोच, ज्यावर बँकेचे संदेश येतात. दहा मिनिटं टिकणाऱ्या फुकट ईमेलवर कधीच नाही. ॲप प्ले स्टोअरमधलं, अद्ययावत. व्हीपीएन बंद, इंटरनेट घरचं.

मग ॲप उघडण्याआधी एक प्रश्न विचारायचा, जो बहुतेक जण विचारत नाहीत: या फोनवर याआधी कुणाचं अकाउंट बंद झालंय का? काकूंच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी कुठल्यातरी गेमसाठी अकाउंट काढलं असेल आणि ते नियम मोडल्याने गेलं असेल, तर ती खूण याच फोनवर आहे. बंद झालेल्या माणसाने दुसरं अकाउंट काढणं, हाच मुळात नियमभंग धरला जातो आणि यंत्र तेच शोधत असतं. घरात कुणाचं चालू अकाउंट असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये `Account Status` नावाचं पान असतं. तिथे सगळं हिरवं आहे ना, हे एकदा बघून घ्यावं.

काकूंचं स्वतःचं, नातवंडांचे फोटो बघण्यापुरतं, जुनं अकाउंट असेल तर सोन्याहून पिवळं. त्याच ॲपमध्ये प्रोफाइलवर वरच्या नावाला हात लावला की `Add account` येतं. एका ॲपमध्ये पाच अकाउंटपर्यंत ठेवता येतात. अशा वाटेने आलेलं नवं अकाउंट अनोळखी राहत नाही, त्याला आणणारा कुणीतरी ओळखीचा असतो. पण ही सोयरीक दोन्ही बाजूंनी बांधते. अकाउंट्स सेंटरमध्ये जोडलेल्यांपैकी एक बंद झालं, तर जोडलेलं दुसरं अकाउंट नियम पाळत नाही, एवढंच कारण देऊन आपलंही बंद होऊ शकतं. म्हणून भाच्याचं मीम्सचं अकाउंट काकूंच्या अकाउंटला जोडू नये. मी तर म्हणेन, भाच्याच्या फोनवर ते उघडूच नये, निदान पहिले काही आठवडे.

नोंदणीत तारीख काकूंची, खरी. नाव माणसाने वाचावं असं. `official` नको, दुसऱ्या ब्रँडचं नाव नको, शेवटी आकड्यांची शेपटी शक्यतो नको. त्यापेक्षा गावाचं नाव जोडावं. नोंदणी झाल्यावर ईमेल आणि फोन दोन्हींवर आलेले कोड टाकून खात्री करून घ्यायची आणि त्याच बैठकीत टू-फॅक्टर चालू करायचं. फोटो काकूंनी स्वतः काढलेला, खलबत्त्याचा किंवा उन्हात घातलेल्या मिरच्यांचा. गूगलवरचा फोटो हजार ठिकाणी असतो, आणि तेच चित्र आधीच्या बनावट अकाउंटांनीही वापरलेलं असू शकतं.

आणि मग फोन खाली ठेवायचा. पहिल्या दिवशी ओळखीच्या पाच-सात जणांना सांगावं, मला फॉलो करा. बाहेरून खरी माणसं येऊन भेटली, की नवं अकाउंट इतिहास कमवायला लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन फोटो टाकावेत, आलेल्या मेसेजला उत्तर द्यावं, प्रत्येकाला वेगळं, हाताने लिहून. व्हॉट्सॲपची लिंक, बिझनेस अकाउंटमध्ये बदल आणि जाहिरात हे आठवड्याभरानंतर, तेही एकाच दिवशी सगळं नाही. मध्येच `Try Again Later` आलं, तर ते शब्दशः घ्यावं आणि एक-दोन दिवस काही करू नये. पुन्हा पुन्हा दाबून पाहणारा माणूस आणि प्रोग्रॅम बाहेरून सारखेच दिसतात.

फेसबुकवर हेच करायचं असेल तर फरक मोठा आहे. तिथे मसाल्याच्या नावाने प्रोफाइल काढायचंच नाही. अकाउंट माणसाचं, खऱ्या नावाचं, माणशी एक, आणि धंद्यासाठी त्यातून पेज. धंद्याच्या किंवा कुत्र्यामांजराच्या नावाने काढलेल्या प्रोफाइलची गणना कंपनी बनावट अकाउंटांतच करते, काढणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

आता अकाउंट उडालंच असेल तर. सगळ्यात वाईट काम म्हणजे लगेच दुसरं काढणं, आणि बहुतेक जण नेमकं तेच करतात. दुसरं पाच मिनिटांत उडतं, तिसरं दोन मिनिटांत, आणि आता तो फोन आणि ते वायफाय दोन्ही बदनाम होतात. त्याऐवजी पाटीचे शब्द नीट वाचा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. `suspended` आणि खाली दिवसांची मुदत असेल तर दार अजून उघडं आहे. `disabled` आणि यावर पुन्हा विचार होणार नाही अशा अर्थाचं काही असेल, तर ॲपमधली वाट संपली. नुसतं तुम्हीच आहात याची खात्री करून द्या, असं विचारलं असेल तर ती साधी चौकशी असते. कोड टाकला की पुढे जाता येतं.

अपील त्याच फोनवरून, त्याच इंटरनेटवरून, ॲपमध्येच करायचं. आधी वेडीवाकडी अक्षरं ओळखायला देतात, मग फोन आणि ईमेलचा कोड, आणि पुष्कळदा शेवटी सेल्फी व्हिडिओ: चेहरा डावीकडे, उजवीकडे, वर. धंद्याच्या अकाउंटवर चेहरा कशाला, असं काकू विचारतील. यंत्राला एवढंच पाहायचं असतं, की पलीकडे जिवंत माणूस आहे. हा व्हिडिओ कुणाला दिसत नाही आणि 30 दिवसांत पुसला जातो, असं कंपनी सांगते. उजेडात, साध्या भिंतीपुढे, गॉगल-टोपी काढून घ्यावा. नंतर थांबायचं. कधी काही तासांत निकाल येतो, कधी दिवस जातात. तेरा वर्षांखालचे समजून बंद केलं असेल, तर जन्मतारीख असलेलं ओळखपत्र मागतात. तिथे तारीख खरी टाकली नसेल तर काकूंची बाजू लंगडी पडते.

अपील फेटाळलं तर भारतात आणखी एक पायरी आहे आणि ती फुकट आहे. 2021च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक मोठ्या समाजमाध्यम कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावं लागतं. त्याचं नाव-पत्ता ॲपच्या मदत विभागात मिळतो. त्या उत्तराने समाधान झालं नाही, तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. ही समिती 2023पासून आहे, कारभार सगळा ऑनलाइन, पत्ता `gac.gov.in`. दहा मिनिटं जगलेल्या अकाउंटसाठी एवढी खटपट करावी का? नाव प्रिय असेल किंवा धंद्याच्या पाकिटांवर ते आधीच छापून बसलं असेल, तर करावी. नाहीतर पहिल्या अपिलाचा निकाल येईपर्यंत धीर धरणं पुरे.

एका गोष्टीला मात्र बळी पडू नका. अकाउंट गेल्याचं कुठेही लिहिलं, की तासाभरात खाली उत्तरं येतात: माझंही असंच झालं होतं, अमक्याने परत मिळवून दिलं, त्याला मेसेज करा. तो अमका आधी दोन हजार मागतो, मग कंपनीतल्या माणसासाठी आणखी पाच, आणि शेवटी तुमच्या फोनवर आलेला कोड. त्या कोडने जातं ते तुमचं चालू व्हॉट्सॲप किंवा जीमेल, बंद पडलेलं इन्स्टाग्राम नव्हे. अपील ॲपमधूनच होतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैसे देऊन बसला असाल तर त्याच दिवशी 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता येते ती सुरुवातीच्या काही तासांतच.